आधी पाय मोजा

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की माझ्या फोनवर खेकड्यांचे फोटो यायला लागतात. घाटरस्त्यावर आडवा पळणारा जांभळा, भाताच्या खाचरात नांग्या उगारून उभा राहिलेला तपकिरी, सड्यावरच्या दगडाच्या फटीतून डोळे काढून बघणारा नारिंगी. दिवाळीच्या सुट्टीत लोक किनाऱ्याकडे वळतात, तशी फोटोंतली जागाही बदलते. मग चालणारे शंख येतात, पुळणीवर पडलेली रिकामी कवचं येतात. अधूनमधून दिघा किंवा चांदीपूरला जाऊन आलेलं कुणीतरी पाठीवर एकसंध गुळगुळीत कवच आणि मागे लांब टोकदार शेपटी असलेला प्राणी पाठवतं. सगळ्या फोटोंखाली प्रश्न मात्र एकच असतो : हा कुठला खेकडा?

खरं तर हे तीन वेगळे जीव आहेत. गोड्या पाण्यातला खेकडा हा अस्सल खेकडा. शंखात राहणारा, ज्याला इंग्रजीच्या वळणाने आपण हर्मिट क्रॅब म्हणतो, तो खेकड्यांचा नातेवाईक आहे, पण त्याची शाखा निराळी. आणि हॉर्सशू क्रॅब तर खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या गोतातलाच नाही. त्याचं नातं कोळी आणि विंचवाशी जास्त जवळचं आहे. एवढं अंतर असूनही फोटोत ते एकमेकांत मिसळतात, कारण पाहणाऱ्याची नजर आधी रंगावर आणि आकारमानावर जाते. ओळख पटवायला या दोन गोष्टींचा उपयोग सगळ्यांत कमी. एकाच जातीचे खेकडे एकाच ओढ्यात वेगवेगळ्या रंगांचे सापडतात. आकारमानाचं म्हणाल, तर शेजारी नाणं किंवा बोट नसेल तर फोटोतून ते कळतच नाही.

मी फोटो वाचतो तो ठरावीक क्रमाने. आधी पाय, मग पाठीवरचं आवरण, आणि शेवटी जागा. पाय प्राण्याचा गट सांगतात. आवरण तो गट पक्का करतं किंवा शंका काढतं. निघालेलं उत्तर त्या ठिकाणी शक्य आहे का, हे जागेवरून कळतं. हा क्रम उलटा केला, म्हणजे ‘समुद्रावर दिसला म्हणून अमुक’ अशी सुरुवात केली, की घोटाळे होतात.

बांधावरचा खेकडा

गोड्या पाण्यातला खेकडा आपल्या रोजच्या बघण्यातला. ठाणे-रायगडच्या आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात मुठे पकडायला जातात, सिंधुदुर्गात कुर्ल्या म्हणतात, देशावर नुसतं खेकडा म्हटलं की हाच डोळ्यांपुढे येतो. त्याला वरून पाहिलं की अंगाच्या दोन्ही बाजूंनी पाय बाहेर आलेले दिसतात. पुढे नांग्यांची एक जोडी आणि मागे चालायच्या पायांच्या चार जोड्या, मिळून दहा. फोटोत हे दहा नेहमी भरतातच असं नाही. शत्रूच्या तावडीत सापडला की खेकडा पाय सांध्यापासून सोडून देतो. पुढे एक-दोनदा कात टाकल्यावर तिथे नवा पाय येतो, पण तो आधी बारीक असतो. म्हणून मी दोन्ही बाजू मोजत बसत नाही. जी बाजू धड दिसते ती घेतो. एक नांगी आणि तिच्यामागे चार पाय असा हिशेब एका बाजूला लागला, तर तो अस्सल खेकडा, हे बहुतेक वेळा पुरतं.

पुढचा प्रश्न असा, की तो गोड्या पाण्यातलाच कशावरून? इथे शेवटची जोडी बघायची. चिंबोरीचा, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्याचा, शेवटचा पाय टोकाला चपटा आणि लंबगोल होतो. त्या वल्ह्यावर ती पोहते. बांधावरच्या खेकड्याचे चारही पाय टोकदार नखीत संपतात, कारण त्याला पोहायचं नसतं, चढायचं आणि उकरायचं असतं. मग पाठीची कड बघायची. चिंबोरीच्या पाठीच्या पुढच्या कडेवर, डोळ्यापासून बाजूच्या टोकापर्यंत, दर बाजूला नऊ दात असतात. फोटो मोठा करून ते सहज मोजता येतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची तीच कड बरीचशी साधी असते. डोळ्याच्या मागे एखादा बारीक दात किंवा नुसती बोथट धार, बाकी सगळं गुळगुळीत. पाठ लांबीपेक्षा रुंद, आणि पुढच्या दोन्ही खांद्यांवर फुगीर. त्या फुगवट्याखाली कल्ल्यांच्या पोकळ्या असतात. त्यांच्या अस्तरातून हा खेकडा हवेतलाही प्राणवायू घेतो. त्यामुळेच पावसाळ्यात तो पाण्यापासून लांब, रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर, अंगणातसुद्धा भेटतो.

जागेच्या खुणाही फोटोत असतात, फक्त प्राण्याच्या मागे बघायची सवय हवी. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या रचलेल्या, शेजारी शेवाळ किंवा गवताची मुळं, दगड जांभ्याचा किंवा काळा कातळ. बीळ तिरकं खाली पाण्याच्या पातळीपर्यंत जातं आणि उन्हाळाभर खेकडा तळाशी दबून राहतो.

या गटाची एक खूण अशी आहे की ती दिसली तर बाकी काही बघायची गरज उरत नाही. मादीच्या पोटाखाली एक रुंद झाकण असतं. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी त्याखाली मोजकी पण मोठाली अंडी बाळगते, आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडे बाहेर पडतात. पाय, नांग्या, पाठ, सगळं तयार. काही दिवस ते आईच्या झाकणाखालीच राहतात. चिंबोरीचं तसं नसतं. तिची अंडी लाखांनी असतात आणि त्यांतून निघणाऱ्या अळ्या समुद्रात तरंगत वाढतात. त्यामुळे पोटाखाली खेकड्याची पिल्लं चिकटलेली मादी फोटोत दिसली, तर मी डोळे झाकून गोड्या पाण्यातला खेकडा म्हणतो. मात्र अशी मादी उपडी करून, झाकण ओढून फोटो काढू नये. पिल्लं गळून पडतात आणि ओढ्याच्या धारेत वाहून जातात.

या पिल्लांमुळेच सह्याद्रीत खेकड्यांच्या इतक्या जाती झाल्या आहेत. तरंगती अळी नाही, म्हणजे दूर पसरायचं साधन नाही. एका घाटमाथ्यावरचे खेकडे शेजारच्या घाटमाथ्यावरच्या खेकड्यांत सहसा मिसळत नाहीत आणि काळाच्या ओघात वेगळे होत जातात. २०१४ साली ‘घाटियाना’ ही नवी प्रजाती शास्त्रात नोंदली गेली, आणि २०१६ साली पश्चिम घाटातल्या पाच नव्या जातींचं वर्णन एकाच शोधनिबंधात प्रसिद्ध झालं. त्या वेळी वर्तमानपत्रांतून छापून आलेल्या जांभळ्या-नारिंगी खेकड्यांच्या छायाचित्रांनी लोकांना वेड लावलं. तेव्हापासून प्रत्येक रंगीत खेकड्याखाली ‘नवी जात?’ असं विचारलं जातं.

या ठिकाणी मी हात आवरतो, आणि इतरांनीही आवरावा असं मला मनापासून वाटतं. या खेकड्यांची जात ठरवायला नराच्या पोटझाकणाखाली दडलेलं, वीर्य वाहून नेणारं पहिलं उपांग भिंगाखाली बघावा लागतो. त्याचं टोक सरळ आहे की वाकडं, जाड आहे की निमुळतं, यावर जाती वेगळ्या केल्या जातात. तो भाग फोटोत येत नाही. पाठीचा कितीही देखणा फोटो असला तरी त्यावरून कुळ सांगता येतं, कधी प्रजाती सांगता येते. जातीचं नाव केवळ रंगावरून देणं म्हणजे अंदाज.

किनारपट्टीजवळच्या ओढ्यांत आणखी एक फसवणूक होते. ‘वरुणा लिटराटा’ नावाचा एक चौकोनी, चपट्या पाठीचा खेकडा समुद्रात जन्मतो आणि वाढीच्या काळात खाडीतून वर गोड्या पाण्यात, कधी भातखाचरांतही शिरतो. जागा पाहून लोक त्याला बांधावरचा खेकडा ठरवतात. त्याचे पाय बघितले तर उत्तर मिळतं. सगळे चालायचे पाय चपटे असतात आणि त्यांच्या कडांना केसांची दाट झालर असते. पाठीच्या कडेवर दर बाजूला तीन ठळक दात असतात. जागा शेवटी बघायची ती याच कारणाने.

उसन्या घरातला

शंखातल्या खेकड्याचा फोटो ओळखणं सोपं, असं सगळ्यांना वाटतं. शंखाला पाय फुटलेले दिसले की झालं. पण निम्म्या फोटोंत पाय आत ओढलेले असतात आणि उरतो नुसता शंख. मग प्रश्न पडतो, की आत खेकडा आहे की शंखाची मूळ मालकीण गोगलगाय?

अशा वेळी शंखाच्या तोंडात बघायचं. जिवंत गोगलगाय आत गेली की बहुतेक समुद्री जाती तोंडावर एक अखंड झाकण लावून घेतात. कधी ते शिंगासारखं तपकिरी असतं, कधी चुन्याचं पांढरं. झाकणावर सांधे नसतात. खेकडा आत गेला की तोंडाशी नांगी आडवी येते, आणि नांगीवर सांधा, चिमट्याच्या दोन बोटांमधली फट, बारीक काटे किंवा केस दिसतात. नांगीच्या कडेने चालायच्या पायांची टोकं दुमडलेली असतात. हे सगळं नखाएवढ्या जागेत असतं, म्हणून फोटो शंखाच्या बाजूचा नको, तोंडाचा हवा.

तो बाहेर आलेला असला तर पायांची मोजणी लगेच फरक दाखवते. दोन नांग्या आणि त्यांच्यामागे चालायच्या पायांच्या दोनच जोड्या. एका बाजूला नांगी धरून तीन अवयव, दोन्ही मिळून सहा. बाकीच्या दोन जोड्या असतात, पण त्या आखूड राहिलेल्या असतात आणि शंखाच्या आत राहून शंख धरून ठेवायचं काम करतात. त्याचं पोटही खेकड्यासारखं छातीखाली दुमडलेलं नसतं. ते मऊ, लांब आणि एका बाजूला पिळलेलं असतं, शंखाच्या वळणात बसेल असं. शंखाशिवाय सापडलेला असा खेकडा एखाद्या कुरूप अळीसारखा दिसतो आणि लोक त्याला भलतंच काही समजतात. तो फार वेळ उघडा राहत नाही, त्यामुळे असे फोटो दुर्मीळ. फोटोसाठी त्याला शंखातून ओढून काढायचा प्रयत्न कुणी करू नये. तो पकड सोडत नाही, अंग तुटतं.

कोकणातल्या खडपांवर ओहोटीच्या वेळी सावलीच्या खळग्यांत शंखांचे ढीगच्या ढीग जमलेले दिसतात. गोगलगायीही एकत्र बसतात, पण त्या दगडाला तळव्याने चिकटलेल्या असतात. इथे शंख एकमेकांवर वेडेवाकडे पडलेले, निरनिराळ्या जातींचे, तोंडं सगळ्या दिशांना. एकाच ढिगात चार-पाच प्रकारचे शंख मिसळलेले दिसले तर आत खेकडे आहेत असं मानायला हरकत नाही. गोगलगायी आपापल्या जातीचंच घर घेऊन जन्मतात. खेकडा मिळेल ते घेतो.

गट कळल्यावर नांग्यांकडे बघायचं. आपल्या किनाऱ्यावर भेटणाऱ्या ‘क्लिबानेरियस’ प्रजातीच्या दोन्ही नांग्या साधारण सारख्या असतात, ‘डायोजिनिस’ची डावी नांगी उजवीपेक्षा ठळकपणे मोठी असते, आणि ‘पॅग्युरस’ची उजवी. हा डाव्या-उजव्याचा फरक उपयोगी आहे, पण फोनने त्यात एक घोळ करून ठेवला आहे. काही फोटो आरशातल्यासारखे उलटे होऊन साठवले जातात, काही पुढे पाठवताना उलटवले जातात, आणि डावी नांगी उजवी होते. याची तपासणी त्याच फोटोत करता येते. समुद्री शंखांच्या बहुसंख्य जातींत वळण उजवं असतं : निमुळतं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर तोंड उजव्या हाताला येतं. फोटोतल्या शंखाचं तोंड या पद्धतीने डावीकडे येत असेल, तर आधी फोटो उलटा आहे असं धरायचं आणि मग नांग्या बघायच्या. डावखुरे शंख निसर्गात आहेत, पण इतके थोडे की पहिला संशय फोटोवर घेणंच बरं.

जागेचा नियम या गटाला फार उपयोगी पडतो. जगात गोड्या पाण्यात कायम राहणारा शंखातला खेकडा एकच ठाऊक आहे, तो प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांवर. म्हणून गोदावरीच्या घाटावरचा किंवा पवना धरणाच्या काठचा ‘हर्मिट क्रॅब’ कुणी पाठवला, तर मी उत्तर देण्याआधी गोगलगायीचं झाकण शोधतो, आणि ते सापडतंच.

पूर्व किनाऱ्यावरचा पाहुणा

जगात हॉर्सशू क्रॅबच्या चारच जाती आहेत. एक उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक बाजूला, तीन आशियात. भारतात त्यांपैकी दोन सापडतात, ‘टॅकिप्लियस गिगास’ आणि ‘कार्सिनोस्कॉर्पियस रोटुंडिकॉडा’, आणि दोन्ही पूर्वेला : ओडिशाचा आणि पश्चिम बंगालचा किनारा, सुंदरबन. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांची वस्ती नाही. अलिबाग, गुहागर किंवा पाळोळेचा म्हणून हा प्राणी कुणी पाठवला तर तो फोटो तिथला नाही, किंवा तो प्राणी हा नाही.

ओडिशातल्या बालेश्वर जिल्ह्यात चांदीपूरला ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे हटतो आणि ओल्या वाळूचं सपाट मैदान उघडं पडतं. तिथून जवळच बुढाबलंग नदीच्या मुखाशी बलरामगडीचं मासळी बंदर आहे. हा सगळा पट्टा हॉर्सशू क्रॅबच्या विणीचा. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला माद्या पाण्याबरोबर वर येतात आणि वाळू उकरून अंडी घालतात. किनाऱ्यावर फिरताना मात्र जिवंत प्राण्यापेक्षा जास्त दिसतात ती रिकामी कवचं आणि जाळ्यात अडकून सुकलेली शरीरं. कोळी जाळी झटकतात तेव्हा ती किनाऱ्यावर पडतात. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे कवच आठवण म्हणून घरी आणू नये. फोटो पुरे.

वरून पाहिलं तर पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे पाय दिसतच नाहीत. उलट्या ठेवलेल्या घमेल्यासारखं पुढचं कवच सगळे पाय झाकून टाकतं. खेकड्याच्या फोटोत पाय बाजूने बाहेर येतात, इथे कडेपलीकडे काहीच नाही. दुसरी गोष्ट डोळे. खेकड्याचे आणि शंखवासीचे डोळे दांड्यांवर असतात, पुढे, एकमेकांच्या जवळ. हॉर्सशू क्रॅबचे मोठे डोळे कवचाच्याच पृष्ठभागावर, दोन्ही बाजूंना लांब लांब बसवलेले असतात. दांडी नाही, हालचाल नाही. तिसरी गोष्ट अंगाचे तीन तुकडे : पुढचं मोठं अर्धगोल कवच, त्याला बिजागरीने जोडलेला मागचा भाग, ज्याच्या दोन्ही कडांना काट्यांची रांग असते, आणि मग ती एकच लांब, ताठ शेपटी. शेपटीत विष नसतं, तिचा डंखाशी संबंध नाही. लाटेने उपडा झालेला प्राणी ती वाळूत रोवून स्वतःला सुलटं करतो. हातात घ्यायची वेळ आलीच तर शेपटीने उचलू नये, सांध्यापाशी इजा होते. दोन्ही हातांनी कवचाच्या कडेला धरावं.

खालून काढलेला फोटो असेल तर शंकेला जागाच राहत नाही. तोंडाच्या पुढे चिमट्यांची एक छोटी जोडी, आणि मग पायांच्या पाच जोड्या. त्यांच्यामागे चपट्या झडपांची रांग असते. त्या झडपांच्या आत पातळ पापुद्र्यांची चळत असते, तेच त्याचे कल्ले. अशी झडप ना खेकड्याला असते, ना शंखवासीला. नर असेल तर पुढचे पाय आकड्यासारखे वळलेले दिसतात. विणीच्या वेळी तो त्यांनी मादीचं कवच मागून पकडतो. त्यामुळे एकामागे एक दोन कवचं, पुढचं मोठं आणि मागचं लहान, असा फोटो आला तर ती जोडी समजावी. ‘पिल्लू आईच्या पाठीवर’ असा मजकूर त्याखाली फार वेळा वाचायला मिळतो. तो चुकीचा आहे. हॉर्सशू क्रॅब पिल्लं सांभाळत नाही.

दोन भारतीय जाती वेगळ्या करायला शेपटीचा आडवा छेद लागतो. गिगासची शेपटी त्रिकोणी असते, वर धार आणि धारेवर बारीक काटे. दुसरीची शेपटी गोलसर आणि गुळगुळीत. फोटोत छेद दिसत नाही, पण उजेड तिरका असेल तर त्रिकोणी शेपटीवर एक बाजू उजळ आणि एक काळी अशी सरळ रेघ पडते. गोल शेपटीवर उजेड हळूहळू मावळतो. जागाही मदत करते. गिगास विणीसाठी वाळूच्या किनाऱ्यावर येते. रोटुंडिकॉडा खारफुटीच्या चिखलात राहते आणि नदीमुखातून वर निमखाऱ्या पाण्यात जाते.

रिकाम्या कवचाच्या फोटोंचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘मेलेले शेकडो खेकडे’ अशा बातम्या त्यांवरूनच पसरतात. हॉर्सशू क्रॅब कात टाकतो तेव्हा त्याचं कवच पुढच्या कडेने फाटतं आणि प्राणी पुढून बाहेर पडतो. खेकड्याचं उलट, त्याची पाठ मागच्या बाजूने उघडते आणि तो मागे सरकत निघतो. म्हणजे हॉर्सशू क्रॅबच्या कवचाची पुढची कड ओठ उघडल्यागत फाकलेली असेल आणि कवच हलकं, किंचित आरपार दिसणारं असेल, तर ती टाकलेली कात आहे. प्राणी जिवंत निघून गेला. कड अखंड असेल, खाली पाय काळवंडलेले आणि माश्या बसलेल्या असतील, तर तो मेला आहे. दोन्ही ढीग लांबून सारखेच दिसतात.

आणखी एक गोष्ट. मराठी मजकुरासोबत छापले जाणारे हॉर्सशू क्रॅबचे फोटो पुष्कळदा अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागराचे असतात, कारण तिथे दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची मोठी वीण होते आणि फोटो भरपूर निघतात. ती जात वेगळी. भारतातल्या प्राण्याबद्दल लिहिताना फोटोही बालेश्वरचा हवा.

माळावरच्या डबक्यातला

हे सगळे टप्पे एकाच फोटोवर कसे वापरायचे ते सांगतो. पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यातून एका शाळेतल्या बाईंनी फोटो पाठवला. माळरानावरचं गढूळ डबकं, त्यात तपकिरी-हिरवट प्राणी. पुढे गोल गुळगुळीत कवच, मागे शेपटी. सोबत निरोप : “सर, मुलं म्हणतायत हा हॉर्सशू क्रॅब आहे. पुस्तकातल्या चित्रासारखा आहे खरा. पण आपल्याकडे कसा?”

त्यांचा शेवटचा प्रश्न बरोबर होता, पण नुसत्या जागेवरून ‘शक्य नाही’ म्हणून विषय संपवला असता तर मुलांना काहीच कळलं नसतं. म्हणून पायांपासून सुरुवात केली. वरच्या फोटोत पाय दिसत नव्हते. मी बाईंना म्हटलं, पांढऱ्या वाटीत डबक्याचंच पाणी घ्या, त्यात त्याला सोडा आणि तो उलटा होऊन पोहेल तेव्हा फोटो काढा. हे प्राणी पाण्याच्या पृष्ठभागाशी पोट वर करून पोहतात, त्यामुळे तो फोटो लगेच मिळाला. पोटाखाली चिमटे असलेल्या पायांच्या पाच जोड्या नव्हत्या. पानासारख्या बारीक, मऊ पायांच्या कित्येक जोड्या होत्या, एकामागे एक, लाटेसारख्या हलणाऱ्या. हॉर्सशू क्रॅब इथेच बाद झाला, आणि खेकडाही.

मग कवच. मोठं करून पाहिलं तर डोळे कवचाच्या बाजूंना नव्हते. दोन्ही पुढे, मधोमध, एकमेकांना जवळजवळ चिकटून. कवचामागे बिजागरीचा दुसरा तुकडा नव्हता. वळ्यावळ्यांचं उघडं पोट होतं आणि ते मागे निमुळतं होत गेलं होतं. शेपटी एक नव्हती. टोकाला दोन बारीक धागे फुटले होते, आणि ते मऊ होते, पाण्यात वाकत होते. पहिल्या फोटोत ते एकमेकांवर आल्यामुळे एक वाटले होते. बाईंनी वाटीशेजारी रुपयाचं नाणं ठेवलं होतं. प्राणी धाग्यांसकट नाण्याच्या दुपटीएवढाही नव्हता.

शेवटी जागा. पावसाने भरलेलं आणि पाऊस सरल्यावर आटणारं, मासे नसलेलं डबकं. हे सगळं ट्रायॉप्सशी जुळतं. तो कवचधारी प्राण्यांतलाच, पण खेकड्यापासून लांबच्या फांदीवरचा. त्याची अंडी सुकलेल्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. काही आठवड्यांत तो वाढतो, अंडी घालतो आणि डबक्याबरोबर संपतो. दख्खनच्या माळावर तो असणं स्वाभाविक आहे. मुलांना हॉर्सशू क्रॅब सापडला नव्हता, पण समुद्रापासून इतक्या लांब, गावाच्या माळावर त्यांना जे सापडलं होतं ते बघायला मी स्वतः प्रवास करून जाईन.

हे काम एका फोटोत झालं नसतं, तीन लागले. म्हणून फोटो काढणाऱ्यांना माझी विनंती ठरलेली आहे. एक वरून, सगळे पाय चौकटीत येतील असा. एक समोरून, डोळे आणि नांग्या दिसतील असा. जमेल तर एक खालून, प्राण्याला न दुखवता : खेकडा असेल तर पारदर्शक डब्यात ठेवून डब्याच्या तळातून, म्हणजे हातही लागत नाही आणि पोटावरचं झाकण रुंद आहे की अरुंद, मादी की नर, तेही कळतं. आणि एक जागेचा, चार पावलं मागे सरून. नाणं ठेवायला विसरू नये. फ्लॅश शक्यतो टाळावा, ओल्या पाठीवर तो पांढरा डाग पाडतो आणि कडेवरचे दात नेमके त्याखाली जातात. गाव, तालुका आणि महिना मजकुरात लिहावा. फोटो पुढे पाठवताना फोन ही माहिती बऱ्याचदा काढून टाकतो.

इतकं मिळाल्यावरही काही फोटो अडतात. जुलैत ओढ्याच्या काठी मिळणारी नखाएवढी पिल्लं त्यांतली मुख्य. त्यांच्या पाठीची ठेवण अजून पक्की झालेली नसते, रंग मोठ्यांशी जुळत नाही, आणि नराची खूण तयार व्हायला बराच अवकाश असतो. एका बाजूला एक नांगी आणि चार टोकदार पाय मोजता आले, कडेला दातांची रांग नाही, पायांना झालर नाही, जागा घाटातला ओढा आहे, एवढं जुळलं की मी ‘गोड्या पाण्यातला खेकडा, गेकार्सिन्युसिडी कुळ, पिल्लू’ असं लिहितो आणि जातीचा रकाना मोकळा ठेवतो.